नवी रचना, नवे साहेब: कार्यालयातील पुनर्रचना जाहीर करताना प्रत्येकाला काय आणि कसे सांगावे

मुंबईतल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या कंपनीत मी मनुष्यबळ आणि प्रशासन सांभाळतो. काही काळापूर्वी आमच्याकडे पुनर्रचना झाली आणि ती कर्मचाऱ्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले. रचना कशी असावी हे संचालकांनी ठरवले होते. ती कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायची याबद्दल मात्र कोणाकडेच तयार उत्तर नव्हते. मी पहिल्या वेळी एक मोठी चूक केली, ती पुढे येईलच. हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे.

आधी आमचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण पुढची सर्व उदाहरणे त्यातलीच आहेत. आमची माणसे ३८ आणि कार्यालये तीन: बॅलार्ड इस्टेट, सहारचे एअर कार्गो आणि न्हावा शेवा. पूर्वी प्रत्येक कार्यालयाचा एक शाखा व्यवस्थापक होता आणि तिथले बहुतेक सगळे त्यालाच रिपोर्ट करत. नव्या रचनेत तिन्ही ठिकाणचे डॉक्युमेंटेशन एका प्रमुखाखाली आणि सगळे बिलिंग लेखाप्रमुखांखाली गेले. शाखा व्यवस्थापकांकडे फक्त प्रत्यक्ष गोदीवरचे आणि कार्गोतले काम उरले. १४ जणांचे साहेब बदलले. चौघांचे साहेब तेच राहिले, पण हाताखालची माणसे बदलली. उरलेल्या २० जणांचे काहीच बदलले नाही.

## १. आराखड्याआधी माणशी एक ओळ लिहा

पुनर्रचना म्हटली की पहिल्यांदा चौकटी आणि रेघांचा ऑर्ग चार्ट काढला जातो. संचालकांना तो पुरतो, कारण त्यांना वरून खाली पाहायचे असते. कर्मचारी मात्र त्यात स्वतःची चौकट शोधतो, तिच्यावरची रेघ कुठे जाते ते पाहतो आणि लगेच त्याच्या मनात असे प्रश्न उभे राहतात ज्यांचे उत्तर चार्टात नसते. माझी रजा आता कोण मंजूर करणार? मी बसणार कुठे? पुढच्या वर्षीचे इन्क्रिमेंट कोणाच्या शेऱ्यावर ठरणार?

म्हणून एक्सेलमध्ये एक तक्ता करा आणि प्रत्येक माणसासाठी एक ओळ ठेवा. रकाने जास्त करू नका. आमच्याकडे नऊ होते: आजचे साहेब, नवे साहेब, पदनाम, कामात काय वाढले, कामातून काय गेले, बसण्याची जागा, वेळ किंवा पाळी, रजा आणि खर्चाची मंजुरी कोणाकडे, आणि अप्रेझल कोण लिहिणार. बदल नसेल तिथे रकाना रिकामा सोडू नका, 'बदल नाही' असे लिहा. रिकाम्या रकान्यावरून तो विषय ठरला आहे की राहून गेला आहे, हे कळत नाही.

न्हावा शेव्यातल्या एका डॉक्युमेंटेशन सहायकाची ओळ उदाहरणादाखल देतो.

- आजचे साहेब: शाखा व्यवस्थापक, न्हावा शेवा
- नवे साहेब: डॉक्युमेंटेशन प्रमुख, बॅलार्ड इस्टेट
- पदनाम: बदल नाही
- कामात वाढले: गरजेनुसार सहारच्या फायलींच्या चेकलिस्ट
- कामातून गेले: ट्रान्सपोर्टरच्या बिलांची पडताळणी
- जागा: बदल नाही, न्हावा शेवा
- वेळ: बदल नाही
- रजा आणि खर्च: डॉक्युमेंटेशन प्रमुख, सकाळी अचानक रजा घ्यावी लागली तर शाखा व्यवस्थापकांनाही फोन करावा
- अप्रेझल: डॉक्युमेंटेशन प्रमुख, पहिल्या तीन महिन्यांची टिपणी शाखा व्यवस्थापक देतील

ही एक ओळ भरताना आम्हाला दोन गोष्टी नव्याने ठरवाव्या लागल्या. 'कामातून गेले' या रकान्यात ट्रान्सपोर्टरची बिले लिहिली, पण ते काम कोणाकडे गेले हे कोणीच ठरवलेले नव्हते. संचालकांना विचारले तर ते म्हणाले, बिलिंगवाले बघतील. बिलिंगचे म्हणणे होते की गाडी किती वाजता आली आणि किती वाजता रिकामी झाली हे गोदीवर उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असते, मग ती बिले आम्ही कशी तपासणार? शेवटी ते काम शाखा व्यवस्थापकांकडेच राहिले. एकाच्या 'कामातून गेले' मध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी 'कामात वाढले' मध्ये सापडलीच पाहिजे. ती सापडत नसेल तर तुमची रचना अजून जाहीर करण्यासारखी झालेली नाही, मग चार्ट कितीही सुबक असो. या ताळमेळात आमचे तीन दिवस गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही.

## २. जवळ ठेवायची कागदपत्रे

कोणाशी बोलण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये जमवा.

- प्रत्येकाचे नियुक्तीपत्र, विशेषतः पदनाम, कामाचे ठिकाण आणि बदलीचे कलम
- आधीच मंजूर झालेल्या रजांची यादी
- प्रोबेशनवर असलेल्यांची आणि त्यांच्या कन्फर्मेशनच्या तारखांची यादी
- चालू अप्रेझल वर्षाची उद्दिष्टे
- सहीचे, खर्चमंजुरीचे आणि बँकेचे अधिकार कोणाकडे आहेत याची नोंद
- वर सांगितलेला तक्ता आणि प्रत्येकाच्या पत्राचा मसुदा

आमच्या धंद्यात यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे कस्टम्सची कार्डे. जी कार्ड आणि एच कार्ड असलेल्यांना करता येणारी कामे सारखी नसतात. त्यामुळे कागदावर एकाचे काम दुसऱ्याकडे वळवताना त्याच्याकडे तसे कार्ड आहे का, हे पाहावेच लागते. तुमच्या व्यवसायातही अशी परवान्यावर अवलंबून असलेली कामे असतील, ती आधी बाजूला काढा.

## ३. रचना पक्की होण्यापूर्वी दोन तपासण्या

पहिली तपासणी कायद्याची. केवळ रिपोर्टिंग अधिकारी बदलणे हे सहसा व्यवस्थापनाच्या अधिकारात येते. पण पुनर्रचनेच्या निमित्ताने पाळ्या, कामाचे तास, भत्ते किंवा श्रेणींची वर्गवारी बदलत असेल आणि तो माणूस कायद्याच्या व्याख्येने 'कामगार' असेल, तर सेवाशर्तीतील बदलाची पूर्वसूचना द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद कलम ९अ मध्ये होती आणि मुदत २१ दिवसांची होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसांची पूर्वसूचना कायम आहे. सहारच्या रात्रपाळीची वेळ एका तासाने पुढे सरकवावी असा विचार आमच्याकडेही होता. तो आम्ही या घोषणेतून वगळला आणि वेगळा हाताळायचे ठरवले. एका पत्रात दोन्ही गोष्टी घातल्या असत्या, तर रिपोर्टिंगचा साधा बदलही तीन आठवडे अडकून पडला असता. पगार देणारी कंपनीच बदलत असेल, म्हणजे माणूस एका कंपनीतून तुमच्याच दुसऱ्या कंपनीत जाणार असेल, तर ते प्रकरण निराळे आहे आणि हा लेख त्याला पुरा पडणार नाही. तिथे वकिलाकडे जा.

दुसरी तपासणी फारसे कोणी करत नाही, पण माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. नव्या रचनेत एखादी महिला कर्मचारी अशा माणसाच्या हाताखाली तर जात नाही ना, ज्याच्याविरुद्ध तिने अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार केलेली आहे? चौकशी चालू असताना प्रतिवादीने तक्रारदार महिलेच्या कामाचे मूल्यमापन करू नये आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस समिती महिलेच्या लेखी विनंतीवरून करू शकते. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे. तक्रारी गोपनीय असल्यामुळे चार्ट काढणाऱ्या संचालकांना याची कल्पना असतेच असे नाही. म्हणून कारण न विचारता आणि न सांगता, 'या रेघेला समितीची हरकत आहे किंवा नाही' एवढेच उत्तर अध्यक्षांकडून घ्यावे.

## ४. तारीख ठरवणे

तारखा दोन असतात, जाहीर करण्याची आणि अंमलाची. त्यांच्यात साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. कमी ठेवले तर काम हस्तांतरित होत नाही आणि जास्त ठेवले तर माणसे दोन साहेबांमध्ये लोंबकळत राहतात. जुने साहेब म्हणतात 'आता तू माझा नाहीस' आणि नवे म्हणतात 'अजून माझा झालेला नाहीस'.

अंमल महिन्याच्या पहिल्या तारखेपासून असावा, म्हणजे हजेरी आणि पगाराचे हिशेब अर्धवट तुटत नाहीत. आम्ही १ जुलै ठरवली आणि घोषणेसाठी जूनच्या मध्यातला बुधवार घेतला. शुक्रवारी संध्याकाळी अशी बातमी कधीही देऊ नका. माणूस ती घरी घेऊन जातो, दोन दिवस तिच्यावर विचार करतो आणि सोमवारी स्वतःच्या तर्कांसह परत येतो. दिवाळीच्या तोंडावरही नको, कारण त्या दिवसांत कंपनीने काहीही जाहीर केले तरी लोक ते बोनसशी जोडतात.

मुंबईत जूनमध्ये काही जाहीर करायचे तर राखीव दिवस हवाच. आमच्या ठरलेल्या बुधवारी रुळांवर पाणी साचले आणि ३८ पैकी १७ जण कार्यालयात पोहोचू शकले नाहीत. आलेल्यांनाच सांगून टाकावे असे संचालकांचे मत पडले, पण मी ते अडवले. निम्म्यांना समोरासमोर आणि निम्म्यांना फोनवरून, तेही एकमेकांकडून कळणे म्हणजे घोषणा न करण्यासारखेच होते. सगळे दुसऱ्या दिवशी झाले.

## ५. कोणाला, कोणी, कोणत्या क्रमाने

नियम एकच आहे: ज्याच्यावर परिणाम जास्त, त्याला आधी सांगायचे आणि ते त्याच्या आजच्या साहेबांनी सांगायचे. मनुष्यबळ विभागाने शेजारी बसावे, पण तोंड उघडण्याची पहिली पाळी साहेबांची. नव्या साहेबांची भेट नंतर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

सगळ्यात जास्त परिणाम कोणावर होतो, हे ओळखताना बहुतेकांची चूक होते. आम्हीही पहिल्यांदा साहेब बदललेल्या १४ जणांचाच विचार केला. प्रत्यक्षात सर्वांत मोठा धक्का ज्यांचे साहेब बदललेच नाहीत अशा सहारच्या शाखा व्यवस्थापकांना होता. त्यांच्या हाताखाली ११ माणसे होती, ती सहा होणार होती. पदनाम तेच, पगार तोच, केबिनही तीच. कागदावर त्यांच्या ओळीत जवळजवळ सगळीकडे 'बदल नाही' असेच लिहिलेले होते. पण कार्यालयात माणसाची किंमत त्याला किती जण रिपोर्ट करतात यावर मोजली जाते, हे आपण सगळेच जाणतो.

त्यांना घोषणेच्या दोन दिवस आधी संचालकांनी स्वतः सांगितले. मी सुचवलेला मसुदा बाजूला ठेवून संचालकांनी 'तुमचा भार हलका करतोय' अशी सुरुवात केली. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, भार जड होतोय असं मी कधी म्हटलं होतं का?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. गोड शब्दात गुंडाळलेली गोष्ट अनुभवी माणसाला लगेच कळते आणि आपल्याला मूर्ख समजले जात आहे याचा राग मूळ बदलापेक्षा मोठा होतो. त्यानंतर संचालकांनी जे सांगितले ते आधीच सांगायला हवे होते: तीन ठिकाणी तीन पद्धतींनी कागद बनत असल्यामुळे एकाच ग्राहकाच्या फायलींत तफावत येत होती, म्हणून डॉक्युमेंटेशन एकत्र आणले. यात सहारच्या कामाबद्दल तक्रार नाही. पाच माणसे तुमच्याकडून जात आहेत. पगार आणि पद यांना धक्का नाही. एअर कार्गोतल्या क्लिअरन्सचे सगळे निर्णय तुमचेच राहतील. हे ऐकून ते खूश झाले असे नाही, पण पुढची चर्चा निदान कामाबद्दल झाली.

एकूण क्रम असा ठेवा.

१. दोन दिवस आधी: ज्यांच्याकडून माणसे जात आहेत ते आणि ज्यांच्याकडे येत आहेत ते. त्यांना तक्त्यातल्या फक्त त्यांच्या ओळी द्या आणि घोषणेपर्यंत गप्प राहण्यास सांगा. दोन दिवसांपेक्षा जास्त काळ कोणी गप्प राहील अशी अपेक्षा करू नका.
२. घोषणेच्या दिवशी सकाळी: साहेब बदलणारे सर्वजण, एकेक करून.
३. दुपारी जेवणानंतर: सर्वांची एकत्र सभा.
४. सभा संपताच: प्रत्येकाला त्याचे पत्र आणि सर्वांना चार्ट.

सकाळच्या भेटी आणि दुपारची सभा एकाच दिवशी झाली पाहिजे. पहिली भेट आटोपून माणूस बाहेर पडला की पुढच्या पाच मिनिटांत चहाच्या टपरीवर अर्धी बातमी पोहोचलेली असते, आणि ती थांबवण्याचा कोणताही मार्ग नाही. रात्रपाळीवाल्यांचा विचारही आधी करा. सहारला रात्री आठला येणाऱ्या दोघांना आम्ही दुपारी फोन केला, अर्थात त्यांच्याच साहेबांनी. व्हॉट्सअॅपवर मजकूर टाकून ही गोष्ट उरकू नये.

हाऊसकीपिंग आणि सुरक्षारक्षक कंत्राटदाराकडचे असतील तर त्यांना तुमच्या चार्टमध्ये कोणा साहेबाखाली दाखवू नका. ते कंत्राटदाराचे कर्मचारी आहेत. त्यांना कळवायचे ते त्यांच्या सुपरवायझरमार्फत कळवा.

## ६. समोरासमोरची दहा मिनिटे

वैयक्तिक भेटीला दहा मिनिटे पुरतात, पण त्यातली पहिली दोन महत्त्वाची असतात. पाऊसपाण्याच्या गप्पांनी सुरुवात केली तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो, कारण साहेब आणि मनुष्यबळ विभाग असे दोघे एकत्र बसलेले पाहूनच त्याने काहीतरी ओळखलेले असते. पहिल्या वाक्यात नोकरी आणि पगाराबद्दल सांगा, दुसऱ्या वाक्यात बदल. उदाहरणार्थ: "तुमची नोकरी, पद आणि पगार यात काही बदल नाही. १ जुलैपासून तुम्ही मला नाही, डॉक्युमेंटेशन प्रमुखांना रिपोर्ट कराल, बसाल इथेच." मग त्याची ओळ त्याच्यासमोर ठेवा आणि वाचू द्या.

'काहीच बदलणार नाही' हे वाक्य मात्र टाळा. बदलणार नसते तर तुम्ही त्याला बोलावले नसते. 'पुढेही असेच राहील' असे वचनही देऊ नका, सहा महिन्यांनी संचालकांच्या मनात काय येईल ते तुमच्या हातात नाही. प्रश्नाचे उत्तर नसेल तर तो लिहून घ्या, कधीपर्यंत सांगाल तो दिवस सांगा आणि त्या दिवशी सांगाच, मग उत्तर 'अजून ठरलेले नाही' असे असले तरी.

आमच्याकडे दोन भेटी कठीण गेल्या. पहिली बॅलार्ड इस्टेटच्या डॉक्युमेंटेशनमधली. नव्या प्रमुख या त्याच विभागातल्या सहकारी होत्या आणि उरलेल्या चौघांत एक गृहस्थ त्यांना सहा वर्षांनी सीनियर होते. कालपर्यंत ज्यांना ते 'अगं' म्हणत होते, त्यांच्याकडे आता रजेचा अर्ज जाणार होता. त्यांना ही बातमी गटात सांगितली असती तर चेहरा सांभाळण्यात त्यांची सगळी शक्ती गेली असती. एकटे बोलावल्यामुळे त्यांनी स्पष्ट विचारले, "माझा विचार झाला होता का?" विचार झाला होता. तो का मागे पडला हे संचालकांनी दोन वाक्यांत सांगितले. खरे कारण सांगता येत नसेल तर निदान खोटे देऊ नका.

दुसरी भेट सहारच्या बिलिंगमधल्या सहकाऱ्याची. तिथले बिलिंगचे दोघेही बॅलार्ड इस्टेटला येणार होते, म्हणजे या पूर्ण पुनर्रचनेत ज्यांची जागा बदलली ते हे दोघेच. हा सहकारी वसईला राहतो. आधल्याच आठवड्यात त्याने वसई रोड ते अंधेरी तीन महिन्यांचा पास काढला होता. त्याने रिपोर्टिंगबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. खिशातून पास काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "याचं काय करू?" आमच्या तक्त्यात 'जागा' या रकान्यात 'बॅलार्ड इस्टेट' एवढेच लिहिलेले होते. घरापासूनचा वेळ, पास आणि मुलीला शाळेतून आणण्याची वेळ यांचा त्यात विचारच नव्हता. उरलेल्या पासाचे पैसे कंपनीने दिले आणि त्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे केली, अर्थात त्याच्याच विनंतीवरून आणि तसे लिहून घेऊन. ज्यांची जागा बदलते त्यांच्या घरापासूनच्या प्रवासाची एक वेगळी नोंद भेटीआधीच करून ठेवा.

## ७. सभा आणि पत्र

सभा वीस मिनिटांची पुरते. कारण, बदल, तारीख आणि प्रश्न कोणाला विचारायचे, एवढेच त्यात यावे. ज्या २० जणांचे काही बदलले नाही त्यांना ते स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांनी अंदाज बांधावा असे करू नका, कारण ते 'पुढच्या खेपेला आमचा नंबर' असाच अंदाज बांधतात.

प्रत्येकाचे पत्र त्याच्या ओळीवरूनच तयार होते. नेहमीचा नमुना असा:

> श्री./श्रीमती ______ यांस,
>
> दिनांक १ जुलैपासून आपण ______ (पदनाम) यांना रिपोर्ट कराल. आपले पदनाम, वेतन, श्रेणी, सेवेची सलगता आणि शिल्लक रजा यांत कोणताही बदल नाही. आपले कामाचे ठिकाण ______ राहील.
>
> आपल्या कामातून पुढील बाबी कमी होत आहेत: ______. पुढील बाबी वाढत आहेत: ______.
>
> ३० जूनपर्यंत मंजूर झालेल्या सर्व रजा कायम राहतील. चालू वर्षाच्या मूल्यमापनात एप्रिल ते जून या काळाची लेखी टिपणी आपले आधीचे अधिकारी देतील.

आमची पत्रे इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत दिली. फाइलला इंग्रजी लागते, पण माणूस घरी वाचून दाखवतो ते मराठी.

मंजूर रजांचे वाक्य विसरू नका. कोकणात जाणाऱ्यांनी गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण जुन्या साहेबांच्या होकारावर केलेले असते. नव्या साहेबांनी ऑगस्टमध्ये 'मला कोणी विचारलं नव्हतं' असे म्हटले, तर तुमच्या पुनर्रचनेबद्दल त्या माणसाचे मत कायमचे ठरून जाते.

## ८. सॉफ्टवेअरला सगळ्यात शेवटी हात लावा

आता माझी चूक. या कंपनीत येण्याआधी, दुसऱ्या एका कंपनीत असताना, लहानशा पुनर्रचनेत मी तयारी म्हणून शुक्रवारी संध्याकाळी हजेरीच्या अॅपमध्ये रजा मंजूर करणाऱ्यांची नावे बदलून ठेवली. घोषणा सोमवारी होती. अॅपने पाऊण तासात नऊ जणांच्या मोबाइलवर संदेश पाठवला की तुमचे रिपोर्टिंग मॅनेजर बदलले आहेत. त्यातले बहुतेक तेव्हा लोकलमध्ये उभे होते. एकीने मला फोन करून विचारले की तिला काढून टाकले आहे का. शनिवार आणि रविवार मी फोनवरच होतो, आणि सोमवारची सभा म्हणजे नुसती माफी झाली.

तेव्हापासून मी बदलांची यादी कागदावर तयार ठेवतो आणि अॅपमध्ये त्या सभा संपल्यानंतरच भरतो. भरण्यापूर्वी सूचना बंद करता येतात का ते विक्रेत्याला विचारतो आणि स्वतःच्या नावावर एकदा करून पाहतो. मेल गटांची नावे, शेअर केलेले फोल्डर, अगदी मीटिंगरूमच्या कॅलेंडरमध्ये लिहिलेले विषयसुद्धा असेच फुटतात. 'नवीन डॉक्युमेंटेशन टीम' असा विषय लिहून खोली राखून ठेवली तर घोषणा तिथेच झाली. अॅपमध्ये बदलाची तारीख पुढची टाकता येत नसेल तर नावे ३० जूनच्या रात्री बदला. प्रलंबित अर्ज त्याआधी जुन्या साहेबांकडून निकालात काढून घ्या, नाहीतर ते दोघांच्याही यादीतून गायब होतात.

## ९. पहिला महिना: दोन साहेबांचा प्रश्न

रचना जाहीर झाली तरी न्हावा शेव्याचा सहायक अजूनही शाखा व्यवस्थापकांच्या समोरच बसतो. नवे साहेब बॅलार्ड इस्टेटला. समोरचा माणूस म्हणतो, आधी माझी फाइल कर. फोनवरचा म्हणतो, आधी माझी. चार्टवर अशा नात्याला 'डॉटेड लाइन' म्हणतात. माझे मत असे की शक्य तिथे ती टाळावी. टाळता येत नसेल तर दोघांपैकी कोणाचा शब्द कोणत्या बाबतीत शेवटचा, हे जाहीर करण्याच्या दिवशीच लिहून द्यावे.

आम्ही तीन ओळी लिहिल्या. फायलींचा क्रम डॉक्युमेंटेशन प्रमुख ठरवतील. जहाज लागण्याच्या बेतात आहे आणि आयात मालाचे बिल ऑफ एंट्री कस्टम्सकडे दाखल व्हायचे आहे अशी फाइल असेल, तर शाखा व्यवस्थापकांच्या फोनवर ती आपोआप पहिली होईल, कारण मुदत टळली की विलंबशुल्क लागते. दोघांचे पटले नाही तर सहायकाने मध्ये पडायचे नाही, त्या दोघांनी एकमेकांना फोन करायचा. तिसरी ओळ सर्वांत उपयोगी ठरली. निरोप्या होण्यातून सुटका झाल्याचे सहायकाने स्वतः येऊन सांगितले.

जुन्या साहेबांची तीन महिन्यांची टिपणी अंमलाच्या तारखेपूर्वीच हातात घ्या. मार्चमध्ये मागाल तर 'काम समाधानकारक' एवढेच मिळते. आमच्या तीन व्यवस्थापकांपैकी एकाने ती वेळेत दिली. दुसऱ्याकडून मी त्याच्या टेबलाशी बसून लिहून घेतली. सहारच्या व्यवस्थापकांनी मात्र पाचही जणांबद्दल प्रत्येकी अर्धे पान, स्वतःच्या हाताने, जूनच्या शेवटच्या दिवशी आणून दिले.

महिना झाल्यावर तक्ता पुन्हा उघडा आणि साहेब बदललेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात रजेला किंवा खर्चाला प्रत्यक्षात होकार कोणी दिला? आमच्या १४ पैकी तिघांनी जुन्याच साहेबांचे नाव घेतले. तिघेही न्हावा शेव्याचे होते. पेट्रोलची व्हाउचरे अजून शाखा व्यवस्थापकांच्याच ड्रॉवरमध्ये जात होती, कारण तिथल्या पेटीकॅशची चावी त्यांच्याकडे होती आणि चावीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.